‘विल’, ‘गोइंग टू’ की ‘आय ॲम मीटिंग’? इंदूरच्या मराठी माणसासाठी एक उत्तर

प्रश्न : मॅडम, मी इंदूरचा. घरी मराठी, शाळा हिंदी माध्यमाची. आता नोकरीत परदेशी ग्राहकांशी मेल आणि फोन दोन्ही इंग्रजीत करावे लागतात. भविष्याचं काहीही सांगायचं झालं की मी ‘विल’ लावतो. माझी मॅनेजर म्हणते की चूक नाही, पण ‘ऑड’ वाटतं, इथे ‘गोइंग टू’ हवं, तिथे ‘आय ॲम मीटिंग’ हवं. पुस्तकातले नियम पाठ केले, पण बोलताना आठवत नाहीत. ऐन वेळी निवड कशी करायची?

उत्तर :

पाठ केलेले नियम बोलताना आठवत नाहीत, कारण बोलताना तेवढा वेळच नसतो. म्हणून मी तुम्हाला नवा नियम देत नाही. तुमच्या तोंडात जे आधीपासून आहे, तेच वापरायला सांगते. मी इंदुरात वीसहून जास्त वर्षं इंग्रजी शिकवते आहे आणि माझ्याकडे येणारी निम्मी मुलं तुमच्यासारखीच असतात, घरात मराठी आणि शाळेत हिंदी. त्यांची अडचण इंग्रजीची कमी आणि शाळेतल्या एका सूत्राची जास्त असते. ते सूत्र तुम्हीही घोकलं असेल : वाक्याच्या शेवटी ‘गा, गे, गी’ आलं की ‘विल’ किंवा ‘शॅल’. भाषांतराचा पेपर सोडवायला ते बरं होतं. पण त्याने भविष्याची एकच पेटी तयार केली आणि सगळं तिच्यात कोंबलं. दोष हिंदीचा नाही बरं का. हिंदीतही ‘मैं जा रहा हूँ’ आणि ‘मैं जाने वाला हूँ’ आहेच. फक्त सूत्रात त्यांना जागा मिळाली नाही.

आता घरच्या मराठीत ही तीन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा.

रविवारी उज्जैनला जाईन.
रविवारी उज्जैनला जाणार आहे.
रविवारी उज्जैनला जातोय.

तिन्ही रविवारचीच आहेत, गाव तेच, माणूस तोच. तरी आईला यातलं कुठलं वाक्य सांगितलं तर ती डबा करायला घेईल, हे तुम्हाला विचार न करता कळतं. ‘जाईन’ म्हणालात तर ती म्हणेल, बघ बाबा, नक्की सांग. ‘जाणार आहे’ म्हणालात तर मनात ठरलंय हे तिला कळेल. ‘जातोय’ म्हणालात तर ती विचारेल, किती वाजता निघताय आणि बरोबर कोण आहे. इंग्रजीतल्या तीन रूपांमध्येही साधारण हाच फरक आहे. किती लांबचं भविष्य आहे, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. निर्णय कधी झाला आणि तो अजून तुमच्या मनातच आहे की बाहेर पोचलाय, एवढ्यावरच सगळं ठरतं.

लांब-जवळचा हा गैरसमज आधी काढून टाका, कारण ‘जवळचं असेल तर गोइंग टू, लांबचं असेल तर विल’ असं बरेच जण शिकवतात. दारावरची बेल वाजते आणि तुम्ही म्हणता, थांबा, मी उघडतो. पुढच्या तीन सेकंदांतलं काम आहे, तरी इंग्रजीत ‘आय्ल गेट इट’, म्हणजे ‘विल’च. उलट चौथीतली मुलगी म्हणते, मी मोठी झाल्यावर डॉक्टर होणार आहे. पंधरा-वीस वर्षं पुढची गोष्ट, तरी ‘आय ॲम गोइंग टू बी अ डॉक्टर’. घड्याळ किंवा कॅलेंडर बघून निवड केली तर दोन्ही वाक्यं चुकतील.

सगळ्यात सोपी जोडी आधी घेऊ. ‘णार आहे’ आणि ‘गोइंग टू’ ही सख्खी भावंडं आहेत. ‘करणार आहे’ मधला ‘करणार’ म्हणजे मुळात ‘करणारा’. मी ते काम करणारा आहे, आज, आत्ता. काम पुढचं असलं तरी ‘आहे’ हा शब्द वर्तमानातला आहे. इंग्रजीतही तसंच आहे : ‘आय ॲम गोइंग टू’ मधला ‘ॲम’ वर्तमानाचा. या रूपाचा मूळ अर्थ ‘अमुक करायला निघालो आहे’ असा होता. पुढे प्रत्यक्ष चालणं गळून गेलं आणि मनाचं निघणं तेवढं उरलं. म्हणून या रूपाचं एक पाऊल नेहमी आजमध्ये असतं. काहीतरी आधीच सुरू झालेलं असतं, निदान मनात तरी.

ही जोडी किती पक्की आहे, ते भूतकाळात नेलं की दिसतं. ‘अगं, मी तुला फोन करणारच होते, तेवढ्यात तुझा आला.’ ‘आहे’ चं ‘होते’ झालं. इंग्रजीतही ‘ॲम’ चं ‘वॉज’ होतं : ‘आय वॉज गोइंग टू कॉल यू’. माझे विद्यार्थी इथे सर्रास ‘आय वुड कॉल यू’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की वाक्य अर्धवट राहिलं, पुढे काहीतरी ‘जर’ येणार आहे. ‘करणार होतो’ ओठांवर आलं की डोळे मिटून ‘वॉज गोइंग टू’ म्हणा.

‘गोइंग टू’ चं दुसरं काम ठरवण्याचं नाही, दिसण्याचं आहे. मागच्या महिन्यात वर्गात एका मुलीच्या कोपराचा धक्का लागून टेबलावरचा काचेचा ग्लास कडेला सरकला आणि अर्धा बाहेर लोंबायला लागला. चार-पाच जण एकदम ओरडले, ‘पडणार, पडणार!’ ग्लास धरला आणि मी लगेच विचारलं, आत्ता जे ओरडलात ते इंग्रजीत सांगा. सगळे म्हणाले, ‘इट विल फॉल’. मग मी तोच ग्लास टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हटलं, आता सांगा, हा इथून उचलून कडेला ठेवला तर काय होईल? तेव्हा त्यांच्या तोंडात ‘पडणार’ आलंच नाही, ‘पडेल’ आलं. ते ‘इट्ल फॉल’. आधीचं, डोळ्यांसमोर घसरत असलेलं, ते ‘इट्स गोइंग टू फॉल’. घडण्याचं कारण समोर दिसत असेल, घटनेने आधीच सुरुवात केली असेल, तर ‘गोइंग टू’. काळे ढग राजवाड्यावर आलेत, वारा सुटलाय : ‘इट्स गोइंग टू रेन’. नुसता अंदाज असेल, पुरावा समोर नसेल, माझं आपलं मत असेल, तर ‘आय थिंक इट्ल रेन टुमॉरो’.

आता ‘जातोय’. हे इंग्रजीतल्या प्रेझेंट कंटिन्यूअसशी जुळतं : ‘आय ॲम मीटिंग’, ‘वी आर लीव्हिंग’, ‘शी इज कमिंग’. ठरलेलं आहे, आणि फक्त माझ्या मनात नाही तर दुसऱ्या कुणाशी तरी बोलून, तिकीट काढून, वेळ घेऊन ठरलेलं आहे. मी मुलांना एकच कसोटी देते : हे रद्द करायचं झालं तर कुणाला तरी फोन करावा लागेल का? दातांच्या डॉक्टरची शुक्रवारची वेळ घेतली आहे, जायचं नसेल तर कळवावं लागेल, म्हणून ‘आय ॲम सीइंग द डेंटिस्ट ऑन फ्रायडे’. दाढ दुखतेय आणि या आठवड्यात एकदा दाखवायचंच असं ठरवलंय, पण वेळ घेतलेली नाही. रद्द केलं तरी कुणाला पत्ता लागणार नाही. मग ‘आय ॲम गोइंग टू सी अ डेंटिस्ट धिस वीक’.

या कसोटीने ‘गोइंग टू’ आणि कंटिन्यूअस यांच्यातली बरीच ओढाताण संपते. थोडी उरते, ती उरू द्या. वेळ घेतलेली असताना कुणी ‘आय ॲम गोइंग टू सी द डेंटिस्ट’ म्हटलं तर ते चूक नाही. इंग्लंडातली माणसंही म्हणतात. उलट दिशेची चूक मात्र खटकते. जे कुणी ठरवूच शकत नाही, त्याला कंटिन्यूअस लावता येत नाही. पावसाची वेळ कुणी घेत नाही, म्हणून ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ चालत नाही. आपली टीम जिंकणार हेही कुणी आधी ठरवलेलं नसतं, म्हणून ‘वी आर विनिंग ऑन संडे’ ऐकलं की ऐकणारा चमकतो, सामना फिक्स केलाय की काय असं वाटतं. मराठीतही तसंच आहे, ‘उद्या पाऊस पडतोय’ असं आपण म्हणत नाही.

आणखी एक लक्षात ठेवा. कंटिन्यूअसला वेळेचा शब्द हवा, नाहीतर तो आधीच्या बोलण्यातून कळायला हवा. फोनवर नुसतं ‘आय ॲम मीटिंग द क्लायंट’ म्हणालात तर समोरच्याला वाटेल की तुम्ही आत्ता मीटिंगमध्ये आहात आणि तो फोन ठेवेल.

खरी अडचण ‘विल’ ची आहे, आणि इथे जरा थांबू या. ‘विल’ चा जोडीदार ‘जाईन, करीन’ आहे असं वाटतं. पुस्तकही तेच सांगतं. पण तुमच्या दिवसभराच्या बोलण्यात ‘विल’ लागतो तिथे मराठीत तुम्ही ‘करीन’ म्हणतच नाही. तुम्ही साधा वर्तमानकाळ वापरता.

बेल वाजली. ‘मी उघडतो.’
पाहुण्यांना तहान लागली. ‘मी पाणी आणते.’
छप्पन दुकानला खाऊन झालं, बिल आलं. ‘राहू दे, मी देतो.’
बॉसने फाइल मागितली. ‘बघतो आणि सांगतो.’

हे सगळे निर्णय बोलताना, त्याच क्षणी झालेले आहेत. आधी मनात काहीच नव्हतं. बेल वाजली आणि निर्णय झाला. मराठी अशा वेळी ‘उघडतो, आणते, देतो’ म्हणते, आणि नेमकं इथेच इंग्रजी ‘विल’ म्हणते : ‘आय्ल गेट इट’, ‘आय्ल ब्रिंग सम वॉटर’, ‘आय्ल पे’, ‘आय्ल चेक अँड लेट यू नो’. मराठी घरातला माणूस चुकतो तो इथे. शब्दाला शब्द लावून तो म्हणतो, ‘आय ओपन द डोअर’, नाहीतर ‘आय ॲम ओपनिंग’. पहिल्या वाक्याचा अर्थ होतो की मी रोज दार उघडतो, ते माझं कामच आहे. दुसऱ्याचा अर्थ होतो की माझा हात कडीवरच आहे. जे सांगायचं होतं, की तुम्ही बसा, मी उठतो, ते दोन्हीत नाही.

म्हणून माझ्या वर्गात पहिल्याच आठवड्यात वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून घेते : मदतीचा, वचनाचा, आत्ताच सुचलेल्या गोष्टीचा ‘करतो’ म्हणजे ‘आय्ल’. हा ‘करतो’ रोजच्या सवयीच्या ‘करतो’ सारखाच दिसतो, ‘मी रोज सहाला उठतो’ सारखाच. फरक ओळखायचा तर वाक्यात ‘रोज’ घालून बघा. ‘राहू दे, मी रोज देतो’ हे जमत नाही ना? मग तो सवयीचा नाही, तो ‘आय्ल’ आहे.

बिलाचंच उदाहरण अजून थोडं पुढे नेऊ, कारण त्यात तिन्ही रूपं एकाच टेबलावर येतात. चार मित्र छप्पनला बसलेत. बिल आलं, तुमचा हात खिशाकडे गेला : ‘आय्ल पे’. त्या क्षणी सुचलेला चांगुलपणा. पण पगार झालाय आणि तुम्ही घरूनच ठरवून आलात की आज सगळ्यांचे पैसे मीच देणार : ‘आय ॲम गोइंग टू पे’. आणि तुम्ही आदल्या दिवशीच सगळ्यांना फोनवर सांगितलंय की उद्याची पार्टी माझ्याकडून : ‘नो, नो, आय ॲम पेइंग टुडे’, आज मी देतोय, ठरलंय आपलं. बिल आलं तेव्हाच पहिल्यांदा ‘आय ॲम गोइंग टू पे’ म्हणालात तर व्याकरण बरोबर असेल, पण ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही बराच वेळ मनात हिशेब करत होतात. तुमच्या मॅनेजरला जे ‘ऑड’ वाटतं ते हेच, फक्त उलट बाजूने. आधी ठरलेल्या गोष्टीला तुम्ही ‘विल’ लावता, आणि तिला वाटतं की हे याला आत्ता सुचलं. ग्राहक विचारतो, त्या चुकीच्या बिलाचं काय झालं? तुम्ही म्हणता, ‘वी विल करेक्ट इट’. तुमच्या टीमने दोन दिवस आधीच ते ठरवलेलं असतं, पण ग्राहकाच्या कानाला ऐकू येतं की बरं झालं मी विचारलं, नाहीतर राहिलंच असतं. ‘वी आर गोइंग टू करेक्ट इट बाय थर्सडे’ म्हणालात की काम आधीपासून चाललंय हे त्याला कळतं.

मग ‘करीन, येईल’ याचं काय? त्याचं इंग्रजी ‘विल’ च, पण जरा जपून. मराठीतल्या ‘तो येईल’ मध्ये बहुतेक वेळा ‘बहुतेक’ लपलेलं असतं. ‘उद्या पार्सल मिळेल’ म्हणताना आपण अंदाज सांगत असतो. पण ग्राहकाला ‘यू विल गेट द पार्सल टुमॉरो’ लिहिलंत तर ते वचन झालं, आणि पार्सल नाही पोचलं तर तो तोच मेल तुम्हाला परत पाठवेल. अंदाज असेल तर अंदाज दिसू द्या : ‘यू विल प्रॉबेब्ली गेट इट टुमॉरो’, किंवा ‘इट शुड रीच यू टुमॉरो’. ‘बघू, आलो तर येईन’ यातल्या ‘येईन’ ला तर ‘आय माइट कम’ च शोभतं.

आता ‘गा-गे-गी’ ने लावलेली आणखी एक सवय. ‘व्हेन आय विल रीच, आय विल कॉल यू.’ हिंदीत ‘जब पहुँचूँगा तब फ़ोन करूँगा’, दोन्हीकडे ‘गा’, म्हणून दोन्हीकडे ‘विल’. पण घरी तुम्ही काय म्हणता? ‘पोचलो की फोन करतो.’ ‘पोचलो’! भविष्याचं नावही नाही. मराठी पहिल्या अर्ध्या भागात भविष्यकाळ घालत नाही, आणि इंग्रजीही घालत नाही : ‘आय्ल कॉल यू व्हेन आय रीच’. ‘की’, ‘तर’, ‘पर्यंत’, ‘आधी’ यांच्या बाजूचा जो भाग असतो, म्हणजे इंग्रजीत ‘व्हेन’, ‘इफ’, ‘अंटिल’, ‘बिफोर’ यांच्या मागोमाग येतो तो, त्यात ‘विल’ घालायचा नाही. मुख्य भागात घालायचा. ‘पाऊस थांबला की निघतो’ : ‘आय्ल लीव्ह व्हेन द रेन स्टॉप्स’. इथे मराठीत विचार केलात तर चूक होतच नाही. हिंदी सूत्र आठवलं की होते.

एक खरं उदाहरण पूर्ण उलगडून दाखवते. माझ्या एका विद्यार्थिनीने, ती हिशेबाचं काम करते, ग्राहकाला पाठवलेला मेल वर्गात आणला होता. कंपनीचं नाव आणि आकडे काढून टाकते. तिने लिहिलं होतं :

‘व्हेन आय विल रिसीव्ह द फाइल आय विल चेक इट. वी विल चेंज द फॉर्मॅट फ्रॉम नेक्स्ट मंथ. टुमॉरो आय विल बी ऑन लीव्ह. माय कलीग विल अटेंड द मीटिंग. इफ यू विल नीड एनीथिंग, शी विल हेल्प यू.’

सात ‘विल’. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण काय पक्कं आहे, काय नुसता विचार आहे आणि काय वचन आहे, हे कळत नाही. सगळं एकाच उंचीवर. मी तिला इंग्रजी बाजूला ठेवायला सांगितलं आणि म्हटलं, हेच तुझ्या मावशीला सांगतेस असं समज आणि मराठीत बोल. ती एका दमात म्हणाली : ‘फाइल मिळाली की तपासते. पुढच्या महिन्यापासून आम्ही फॉरमॅट बदलणार आहोत. उद्या मी सुट्टीवर आहे. मीटिंगला माझी मैत्रीण बसतेय. काही लागलं तर ती करेल मदत.’

बघा, पाच वाक्यांत पाच वेगळी रूपं आपोआप आली. आता फक्त उतरवून घ्यायचं होतं. ‘मिळाली की तपासते’ : पहिल्या भागात ‘विल’ नाही, दुसऱ्यात वचनाचा ‘तपासते’, म्हणून ‘आय्ल चेक द फाइल व्हेन आय रिसीव्ह इट’. ‘बदलणार आहोत’ : ऑफिसात ठरलेला बेत, म्हणून ‘वी आर गोइंग टू चेंज द फॉर्मॅट फ्रॉम नेक्स्ट मंथ’. ‘सुट्टीवर आहे’ : रजा मंजूर झालेली, वस्तुस्थितीच आहे, म्हणून मराठीसारखाच साधा वर्तमान, ‘आय ॲम ऑन लीव्ह टुमॉरो’. ‘बसतेय’ : मैत्रिणीशी बोलून ठरलंय, रद्द करायचं तर तिला कळवावं लागेल, म्हणून ‘माय कलीग इज अटेंडिंग द मीटिंग’. शेवटचं ‘लागलं तर करेल’ : ‘इफ’ च्या भागात ‘विल’ नाही, मुख्य भागात आहे, ‘इफ यू नीड एनीथिंग, शी विल हेल्प यू’. सातातले दोन ‘विल’ उरले, आणि दोन्ही वचनाचे. तिला मी एकही नवा नियम सांगितला नव्हता.

‘सुट्टीवर आहे’ यासारखंच वेळापत्रकाचं असतं. गाडी साडेचारला सुटते, परीक्षा सोमवारपासून आहे, यंदाची रंगपंचमी अमुक वारी आहे. जे छापलेलं आहे, कॅलेंडरात आहे, ते दोन्ही भाषांत साध्या वर्तमानात बसतं : ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट फोर थर्टी’. पण गाडी सुटते म्हणून तुमचं निघणं साधं होत नाही. गाडी ‘लीव्ह्ज’, तुम्ही ‘आर लीव्हिंग’.

मराठीचा हात धरून सगळं जमतं असं मात्र नाही. दोन-तीन जागी ती चकवते, त्या सांगायलाच हव्यात.

पहिली जागा ‘असणार’ ची. ‘आत्ता तो घरी असणार’ यात ‘णार’ आहे, पण ठरवणं नाही, समोर दिसणारं कारणही नाही. हा मनातला तर्क आहे, आणि तोही आत्ताबद्दलचा. इथे ‘गोइंग टू’ लावलंत तर चुकेल. ‘हील बी ॲट होम नाऊ’, म्हणजे ‘विल’. खूण साधी आहे. ‘णार’ च्या पुढे ‘आहे’ लावून बघा. ‘आत्ता तो घरी असणार आहे’ असं आपण म्हणत नाही. ‘आहे’ चिकटत नसेल तर ‘गोइंग टू’ ही चिकटत नाही.

दुसरी जागा ‘आलोच’ ची. आईने जेवायला हाक मारली आणि तुम्ही खोलीतून ओरडलात, ‘आलोच!’ मराठीत भूतकाळ, आणि तुम्ही अजून खुर्चीवरून हललेलाही नसता. इंग्रजीत ‘आय केम’ म्हणालात तर गोंधळ होईल. ‘आय ॲम कमिंग’ म्हणायचं. तसंच निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हणणं बरं वाटत नाही. त्याचं ‘आय कम’ करू नका. ऑफिसातून निघताना ‘आय ॲम ऑफ, सी यू टुमॉरो’ एवढं पुरतं. तासाभराने परत यायचं असेल तेव्हाच ‘आय्ल बी बॅक’.

तिसरी जागा नकाराची, आणि इथे नुसतं व्याकरण नाही, माणूस दुखावतो. ‘मी उद्या येणार नाही’ हे मराठीत साधी माहिती असू शकते. इंग्रजीत ‘आय वोंट कम टुमॉरो’ ऐकलं की त्यात नकाराचा हट्ट ऐकू येतो, जणू कुणी बोलावलं आणि तुम्ही येतच नाही जा म्हणालात. कारण ‘विल’ चा जुना अर्थच ‘इच्छा असणे’ हा आहे. नकारात ती इच्छा नसणं वर येतं. मराठीत ‘ऐकतच नाही’ मध्ये जो सूर आहे, तोच ‘ही वोंट लिसन’ मध्ये असतो. सकाळी थंडीत स्कूटर सुरू होत नाही, तिलाही इंग्रज माणूस ‘इट वोंट स्टार्ट’ म्हणतो, जणू स्कूटरची इच्छाच नाही. म्हणून नुसती माहिती द्यायची असेल तर ‘आय ॲम नॉट कमिंग टुमॉरो’, आणि अडचण सांगायची असेल तर ‘आय वोंट बी एबल टू कम’. त्या ‘एबल टू’ ने सगळा फरक पडतो. कुणाच्या लग्नाच्या आमंत्रणाला उत्तर देताना तर हे विसरू नका.

याच कारणाने बोलताना सुटा ‘आय विल’ ही जपून वापरा. इंग्रजीत रोजच्या बोलण्यात तो ‘आय्ल’ असा चिकटून येतो, ‘आय’ च्या शेपटाला नुसता ‘ल’. पूर्ण, सुटा आणि जोर देऊन ‘आय विल डू इट’ म्हणालात की त्याचा अर्थ ‘करीनच’ असा होतो. कुणी शंका घेतली असेल तर तो शोभतो, नाहीतर भांडणाचा सूर येतो. औपचारिक मेलमध्ये पूर्ण लिहिलेला ‘विल’ अगदी ठीक, फोनवर नाही. आणि सिनेमात ऐकता तो ‘गॉना’, म्हणजे घाईत म्हटलेला ‘गोइंग टू’, ऐकून ओळखा पण मेलमध्ये लिहू नका. तो फक्त क्रियापदाआधी येतो. ‘आय ॲम गोइंग टू उज्जैन’ यातल्या ‘गोइंग टू’ पुढे गाव आहे, तिथे खरोखरचं जाणं आहे, त्याचा ‘गॉना’ होत नाही.

तुमच्या रोजच्या कामासाठी सांगते. पंधरा दिवस एवढंच करा. पाठवलेल्या मेलमधला प्रत्येक ‘विल’ रात्री घरी शोधा आणि ते वाक्य घरच्या मराठीत मोठ्याने म्हणा, जसं आईला सांगाल तसं. ‘करतो’ आलं तर ‘विल’ राहू द्या. ‘करणार आहे’ आलं तर ‘गोइंग टू’ करा. ‘करतोय’ आलं तर रद्द करायला फोन लागेल का एवढं विचारा आणि कंटिन्यूअस करा. ‘झालं की’ किंवा ‘झालं तर’ आलं तर तिथला ‘विल’ खोडा. म्हणताना शाळेतलं पुस्तकी मराठी नको, ‘मी तपासेन’ वगैरे. जे खरोखर तोंडातून निघतं तेच हवं. पहिले तीन-चार दिवस तुमच्या तोंडी हिंदी वाक्य येईल, कारण ऑफिसात दिवसभर तेच बोलणं असतं. तेव्हा थांबा आणि घरातल्या कुणाला तरी समोर बसवून सांगा. समोर मराठी माणूस असला की रूप आपोआप बरोबर येतं.